कल्हई गेली, हे ओळखावे कसे?

मराठीत ‘कळकणे’ असे एक क्रियापद आहे. ताक कळकले, आमटी कळकली, असे आपल्या आजीच्या तोंडी सहज येत असे. तांब्याच्या किंवा पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ राहिला आणि त्याला एक तुरट, जिभेला खरवडणारी, मळमळ आणणारी चव आली, की तो पदार्थ कळकला. स्टीलच्या भांड्यांत वाढलेल्या पिढीला हा शब्द ठाऊक नसतो, कारण तो वापरण्याची वेळच त्यांच्यावर आली नाही. आता मात्र माळ्यावरची तांब्या-पितळेची पातेली पुन्हा ओट्यावर येऊ लागली आहेत. लग्नात आहेर म्हणूनही ती दिली जातात. भांडी परत आली. पण त्यांच्याबरोबर असलेली जाण परत आलेली नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम कारण पाहू. तांबे उष्णतेचे उत्तम वाहक आहे, म्हणून त्यात अन्न सर्व बाजूंनी सारखे शिजते आणि एकाच जागी करपत नाही. परंतु आंबट पदार्थाशी त्याचे जमत नाही. येथे एक बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे. दही, चिंच, कोकम, लिंबू यांतील सौम्य आम्ल एकट्याने तांबे फारसे विरघळवू शकत नाही. त्याला हवेतील प्राणवायूची साथ लागते. प्राणवायू तांब्यावर एक पातळ पुट चढवतो, आम्ल ते पुट विरघळवून पदार्थात नेते, उघड्या पडलेल्या धातूवर पुन्हा पुट चढते, आणि हे चक्र चालू राहते. म्हणूनच कढी उकळताना जेवढी बिघडते, त्यापेक्षा ती त्याच भांड्यात रात्रभर झाकून ठेवल्याने अधिक बिघडते. कढीची पातळी जेथे भांड्याच्या भिंतीला टेकते, तेथे हवा, आम्ल आणि तांबे या तिघांची गाठ पडते. सकाळी हिरवट वलय दिसते ते नेमके त्याच रेषेवर. त्या हिरव्या थराला आपण कळंक किंवा जंगाल म्हणतो. तो पोटात गेला तर उलटी, पोटदुखी, जुलाब होतात.

पितळेत तांब्याबरोबर जस्त मिसळलेले असते, एवढाच फरक. स्वयंपाकाच्या दृष्टीने पितळेलाही हेच सारे लागू आहे.

कथील या धातूला आंबटाचे असे वावडे नाही. सौम्य आम्लात ते अत्यंत मंदपणे विरघळते, आणि जे थोडे पोटात जाते त्यातील बहुतेक शरीर शोषून घेत नाही. शिवाय तापलेल्या स्वच्छ तांब्यावर वितळलेले कथील फासले, की दोन्ही धातू सांध्यावर एकमेकांत मुरतात आणि मिश्रधातूचा एक सूक्ष्म थर तयार होतो. कल्हई ही रंगासारखी वरून चिकटलेली नसते. ती तांब्यात रुजलेली असते. त्यामुळे ती पापुद्रा सुटल्यासारखी निघत नाही, झिजत झिजत जाते. ती गेली हे ओळखणे कठीण वाटते, ते यामुळेच.

आंबटाचा धोका चवीवरून तरी कळतो. दुधाचा मात्र कळत नाही, आणि या विषयातील सर्वांत गंभीर प्रकरण दुधाचेच आहे. पूर्वी आपल्याकडे सहा महिने ते चार-पाच वर्षांच्या बालकांत यकृताचा एक आजार आढळत असे. यकृत वाढून दगडासारखे कठीण होई, कावीळ होई आणि बहुतेक बालके दगावत. एकाच घरात लागोपाठ दोन-तीन मुले गेल्याची उदाहरणे असत, म्हणून तो आनुवंशिक मानला जाई. वैद्यकात त्याचे नावच ‘इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस’ असे पडले होते. अशा मुलांच्या यकृतात तांब्याचा प्रचंड साठा सापडे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित व डॉ. शीला भावे यांनी इंग्लंडमधील डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्यासह या मुलांच्या आहाराचा मागोवा घेतला. 1983 मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्यांनी मांडले, की या बालकांना फार लहान वयात गाई-म्हशीचे दूध सुरू केले जात होते आणि ते दूध तांब्या-पितळेच्या भांड्यांत तापवले व ठेवले जात होते. दूध आंबट नसते, हे खरे. पण त्यातील केसीन हे प्रथिन तांब्याला धरून ठेवते. तांब्याखेरीज काही जन्मजात प्रवृत्तीही कारणीभूत होती का, यावर तज्ज्ञांत मतभेद राहिले. परंतु घरांत स्टील व अ‍ॅल्युमिनियमची भांडी आली तसा तो आजार दुर्मीळ होत गेला, ही गोष्ट बोलकी आहे.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की घरात तान्हे मूल असेल तर त्याचे दूध स्टीलच्याच भांड्यात तापवावे. कल्हई कितीही ताजी असली तरी तेथे ‘चालून जाईल’ हा हिशेब करू नये.

तांब्याच्या भांड्यातील साध्या पाण्याची गोष्ट वेगळी. स्वच्छ तांब्यात रात्रभर ठेवलेल्या थंड पाण्यात तांबे अत्यल्प उतरते. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी लिटरला 2 मिलिग्रॅम तांबे ही मर्यादा सांगितली आहे, आणि चांगल्या पाण्यात आपण सहसा तिच्या बरेच खाली असतो. त्यामुळे पाण्याच्या तांब्याला किंवा कळशीला आतून कल्हई करीत नाहीत. पण त्यात लिंबू पिळू नये, ताक तर ठेवूच नये. आपल्याकडे पिण्याचे पाणी रोज उकळण्याचा नेम असलेली घरे पुष्कळ आहेत. त्यांनी उकळण्याचे पातेले मात्र कल्हईचे ठेवावे, कारण ते रोज विस्तवावर चढते आणि एखाद्या दिवशी त्यातच आमटीही रटरटते.

आता मुख्य प्रश्न. गेल्या वर्षी आमच्या वहिनींनी मला बोलावून दोन पातेली पुढे ठेवली. एक आतून काळपट करडे पडलेले. दुसरे छान लखलखीत, घासूनपुसून ठेवलेले. वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, हे काळं कल्हईला टाकते. दुसऱ्याची कल्हई अजून चांगली आहे, त्यात परवा कढी केली तर चालेल ना?”

दोन्ही पातेली मी खिडकीच्या उजेडात नेली. काळपट पातेल्याच्या आत सर्वत्र एकसारखी करडी छटा होती. तळाला किंचित निळसर झाक. कोठेही तांबूसपणा नव्हता. लखलखीत पातेल्याच्या तळाशी मात्र, पळी फिरते तेथे, तळहाताएवढा भाग फिकट गुलाबी दिसत होता. तळ आणि भिंत जेथे वळतात त्या कोपऱ्यात अर्ध्या वर्तुळाची एक तांबूस रेघही होती. विजेच्या पिवळ्या दिव्याखाली तीच जागा चंदेरी भासत होती. कल्हईची गरज होती ती या दुसऱ्या पातेल्याला.

बहुतेक घरांत फसगत होते ती येथे. कथील नवे असताना रुपेरी असते, पण वापराने ते काळवंडतेच. डाळींतील गंधक आणि हवेतील प्राणवायू यांच्यामुळे त्यावर काळपट करडे पुट बसते. ते निरुपद्रवी असते आणि खालचे कथील शाबूत असते. काळे पडणे म्हणजे कल्हई जाणे नव्हे. उलट ते काळेपण घालवण्यासाठी तारेची घासणी चालवली, की पुटाबरोबर कथीलही निघून येते. वहिनींची नवी मोलकरीण त्या दुसऱ्या पातेल्यावर रोज हेच करीत होती. ते लखलखत होते, कारण ते झिजत होते.

तेव्हा शोधायचा तो तांबूस रंग; पितळेच्या भांड्यात पिवळा. भांडे कोरडे करून दिवसाच्या उजेडात तिरपे धरावे आणि चार जागा पाहाव्यात : तळाचा मध्य, तळाचा कोपरा, काठाची आतली कड आणि कड्यांचे खिळे. एखादा डाग काळा आहे पण खाली कथील आहे की तांबे हे कळत नसेल, तर लिंबाची फोड मिठात बुडवून त्या जागी मिनिटभर चोळावी व पाण्याने धुवावी. खाली तांबे असेल तर त्यावरचे काळे पुट लगेच विरघळते आणि जागा नव्या पैशासारखी गुलाबी उजळते. कथील असेल तर ती करडी-पांढरीच राहते. मी वहिनींसमोर दोन्ही पातेल्यांवर हे करून दाखवले. काळ्या पातेल्याची जागा करडी राहिली. दुसऱ्याच्या कोपऱ्यातील एक काळी वाटणारी जागाही गुलाबी निघाली. वहिनी हसून म्हणाल्या, “म्हणजे माझं काळं तेच खरं सोनं!”

केसासारखा एखादा ओरखडा दिसला म्हणून घाबरून जाऊ नये. उघडे तांबे सगळे मिळून रुपयाच्या नाण्याएवढे झाले, की त्या भांड्यात आंबट शिजवणे बंद करावे आणि ते कल्हईला टाकावे, असा माझा ठोकताळा आहे. हिरवा ठिपका कोठेही दिसला, तर मात्र नाण्याचे माप लावत बसू नये. ते भांडे त्याच दिवशी बाजूला काढावे. चवीवर विसंबू नये. जिभेला कळेपर्यंत पदार्थ कळकलेला असतो. वर्षाला एकदा किंवा दिवाळीला एकदा, असल्या कालमापनालाही फारसा अर्थ नाही. ज्या घरात रोज दोन्ही वेळा पातेले चढते तेथे कल्हई काही महिन्यांत जाऊ शकते. सणासुदीला निघणाऱ्या भांड्यावर ती वर्षानुवर्षे टिकते.

झिजण्याखेरीज कल्हई जाण्याचा आणखी एक मार्ग आहे, आणि तो दोन मिनिटांचा आहे. कथील 232 अंश सेल्सिअसला वितळते. पातेल्यात पाणी, आमटी किंवा दूध आहे तोवर त्याचा तळ शंभर अंशांच्या फार वर जात नाही. पण रिकामे पातेले गॅसवर राहिले, किंवा त्यात तेल धूर येईपर्यंत तापले, की आपण त्या आकड्याच्या आसपास पोहोचतो. मग कथील घरंगळते आणि तळाशी त्याचे मण्यांसारखे दाणे किंवा ओघळ गोठलेले दिसतात; त्यांच्या मधल्या जागा उघड्या पडलेल्या असतात. असे खडबडीत दाणे दिसले तर भांडे ‘तापून गेले’ असे समजावे. म्हणून कल्हईच्या पातेल्यात फोडणी करू नये. ती लोखंडी पळीत करून वरून ओतावी. रवा भाजणे, पापड तळणे ही कामेही त्या भांड्याची नव्हेत. ढवळायला लाकडी डाव, घासायला नारळाची शेंडी किंवा मऊ कापड आणि चाळलेली राख. चिंच-मीठ किंवा चकाकीची पावडर बाहेरच्या बाजूपुरतीच. चिकटलेले अन्न कोमट पाण्यात तासभर भिजू द्यावे.

कल्हई करवून घेताना समोर उभे राहावे. वहिनींचे पातेले घेऊन मी एका कल्हईवाल्याकडे गेलो. वस्तीच्या कडेला त्याने खड्ड्यात कोळसा पेटवला होता आणि हाताने फिरवायचा भाता लावला होता. प्रथम त्याने भांडे आतून सौम्य तेजाबाने आणि वाळूने घासून गुलाबी लख्ख केले. सारे यश या पायरीवर अवलंबून असते. जेथे तेल किंवा मळ राहतो तेथे कथील धरत नाही. मग पातेले विस्तवावर फिरवत तापवले, नवसागराची चिमूट आत टाकली आणि पांढऱ्या धुराचा लोट उठला. नवसागर तापला की त्यातून निघणारे आम्ल तांब्यावरचे पुट खाऊन टाकते आणि धातू क्षणभर अगदी निखळ उघडा पडतो. त्याच क्षणी त्याने कथलाची कांडी तळाला टेकवली. ती लोण्यासारखी वितळली. कापसाच्या बोळ्याने त्याने ते चपळाईने तळावरून भिंतीवर, भिंतीवरून काठावर पसरवले आणि भांडे पाण्यात बुडवले. पाच मिनिटांचा खेळ. तो धूर घशाला व डोळ्यांना बोचतो. लहान मुलांना आणि दम्याच्या माणसांना तेथे उभे करू नये.

मी त्याला काळ्या पातेल्याविषयी विचारले. तो म्हणाला, “साहेब, काळं पडलं म्हणजे गेलं न्हवं. लाल दिसलं की आणा.”

काम चांगले झाले की नाही, हे पाहण्यासाठी मी एक बँकवाल्याची खोड केली, आणि ती वाचकांनाही सुचवतो. घासून साफ झाल्यावर, कथील लावण्यापूर्वी, पातेले पिशवीतून नेलेल्या स्वयंपाकघरातील काट्यावर ठेवले : 2140 ग्रॅम. कल्हई झाल्यावर पुसून कोरडे करून पुन्हा ठेवले : 2163 ग्रॅम. म्हणजे 23 ग्रॅम कथील चढले. आता हिशेब पाहा. पातेल्याचा व्यास 24 सेंटिमीटर, उंची 14. तळाचे क्षेत्रफळ साधारण 450 चौरस सेंटिमीटर आणि भिंतीचे 1050, एकूण 1500. कथलाचे एक घन सेंटिमीटर 7.3 ग्रॅम भरते. तेव्हा एवढ्या पृष्ठभागावर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतका थर द्यायचा तर सुमारे 11 ग्रॅम, म्हणजे जवळजवळ एक तोळा कथील लागते. आमच्या पातेल्यावर सरासरी त्याच्या दुप्पट थर बसला. तरीही तो वहीच्या कागदापेक्षा कितीतरी पातळच आहे. कारागीर मजुरी भांड्यावर घेतो आणि कथील महाग असते. दोन तोळ्यांऐवजी अर्ध्या तोळ्यातही भांडे पहिल्या दिवशी तितकेच चमकते. फरक दोन महिन्यांनी दिसतो. कमी-अधिक जाडीला वजन उत्तर देत नाही, केवळ सरासरी सांगते. म्हणून कोपरा आणि काठ डोळ्यांनी पाहावाच. तेथे काळसर, न धरलेली जागा किंवा गोळा राहिला असेल तर लगेच पुन्हा विस्तवावर धरायला सांगावे. तो खळखळ करीत नाही.

खरी काळजी आहे ती शिशाची. शिसे कथलापेक्षा स्वस्त, दिसायलाही बरेचसे तसेच, आणि कथलात मिसळले की मिश्रण आणखी कमी उष्णतेवर वितळते, त्यामुळे हाताळायला सोपे. पण शिसे हे विष आहे आणि लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम कायमचा राहतो. तांब्यापासून वाचण्यासाठी कल्हई करावी आणि पदरात शिसे पडावे, असे होऊ नये. डाग देण्याचे म्हणून जे कथील मिळते, त्यात बहुधा शिसे असते. ते भांड्याला चालत नाही. कांडी हातात मागून घ्यावी. शुद्ध कथलाची कांडी कानाजवळ धरून वाकवली की बारीक करकर असा आवाज येतो. त्यातील स्फटिक एकमेकांवर सरकतात त्याचा तो आवाज. शिसे मूकपणे वाकते. शिसे कोऱ्या कागदावर ओढले तर पेन्सिलीसारखी करडी रेघ उमटते आणि त्याची कांडी त्याच आकाराच्या कथलापेक्षा हाताला दीडपट जड लागते. थोडीशी भेसळ असेल तर या खुणा पुरेशा नाहीत. म्हणून ज्यांचा रोजचा स्वयंपाक तांब्यात होतो त्यांनी शुद्ध कथलाची कांडी धातूच्या खात्रीच्या दुकानातून पावतीसह आणावी आणि कल्हईवाल्याला तीच वापरायला द्यावी. वहिनींच्या वेळी मी तसेच केले. उरलेली कांडी घरी परत आली.

ज्यांचा फरसाण, मिठाई किंवा भोजनालयाचा व्यवसाय आहे, त्यांच्यासाठी हा केवळ घरगुती प्रश्न नाही. 1955 च्या अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत नीट कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यातील अन्न खाण्यास अयोग्य समजावे, असे म्हटले होते, आणि 2011 च्या अन्नसुरक्षा विनियमांतही ती तरतूद राहिली. संघाच्या भांडारातील मोठे हंडे आणि टोप यांनाही हाच नियम लावला पाहिजे. ते वर्षभर कोणी पाहत नाही आणि पर्युषणात एकदम बाहेर निघतात. पारण्याच्या आदल्या दिवशी कल्हईवाला शोधण्यापेक्षा महिनाभर आधी टोप उजेडात उलटेसुलटे करून पाहणे सोपे. एवढ्या मोठ्या टोपात तळाचा कोपरा हात घालून बोटाने चाचपून पाहावा लागतो. तेथे अंधारच असतो, म्हणून विजेरी हवी. बाहेरून तांबे आणि आतून स्टील अशी जी नवी भांडी मिळतात, त्यांना मात्र कल्हईची गरज नाही. त्यांच्यावर ती करण्याच्या भानगडीत पडू नये.

नवी कल्हई झालेले भांडे घरी आणल्यावर त्याला नवसागराचा खारट उग्र वास राहिलेला असतो. ते साबणाच्या कोमट पाण्याने धुवावे, काठोकाठ पाणी भरून दहा मिनिटे उकळावे आणि ते पाणी टाकून द्यावे. पहिला पदार्थ आंबट नसावा. भात किंवा साधे वरण शिजवावे. वहिनींनी त्यात प्रथम मुगाचे वरण केले आणि कढी चौथ्या दिवशी. काळे पातेले अजून तसेच वापरात आहे.